यार्डाखालचा गरम पाइप आणि त्याच्याभोवतीची वीतभर माती

धाराशिव जिल्ह्यातल्या ज्या साखर कारखान्यात मी स्टीम आणि ऊर्जेचा हिशेब बघतो, तिथे बाष्पीभवन विभागातलं गरम कंडेन्सेट, म्हणजे वाफ थंड होऊन झालेलं पाणी, डिस्टिलरीच्या बॉयलरकडे नेणारी एक लाइन उसाच्या यार्डाखालून जाते. वरून ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांची रात्रंदिवस ये-जा, त्यामुळे खांबांवरून पाइप नेणं शक्य नव्हतं. म्हणून १४० मीटर लांबीचा चार इंची पाइप, गंजू नये म्हणून टेप गुंडाळून, तसाच उघडा पुरलेला. उष्णतारोधक आवरण काहीच नाही. यार्डाचं काँक्रिटीकरण ठरलं तेव्हा ही लाइन उखडून नव्याने टाकायची वेळ आली आणि बैठकीत प्रश्न निघाला, आवरण लावायचं की नुसतं जास्त खोल पुरायचं?

ठेकेदाराचं म्हणणं सरळ होतं. "साहेब, सा फूट खाली घालू. इतक्या मातीतून उष्णता वर कशी येईल? आत्ताबी पाणी गरमच यायलंय की." चीफ इंजिनिअर साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं, आज नक्की किती उष्णता जाते आणि दुप्पट खोल गेलो तर किती वाचेल, ते आकड्यात सांगा. त्या आकड्यापर्यंत मी कसा पोचलो ते इथे सविस्तर लिहितो, कारण पुस्तकातलं सूत्र एका ओळीचं असलं तरी त्यात कोणते आकडे घालायचे हे आपल्या काळ्या मातीत उभं राहूनच ठरवावं लागतं.

गरम पाइप आणि जमिनीचा पृष्ठभाग यांच्यामध्ये उष्णता सरळ रेषेत जात नाही. ती पाइपच्या सगळ्या बाजूंनी, खालूनसुद्धा, बाहेर पडते आणि वळून वर येते. हा सगळा वाकडातिकडा मार्ग एका संख्येत बसवायचा, तीच शेप फॅक्टर, म्हणजे आकार-गुणांक. तो फक्त भूमितीवर अवलंबून असतो. मातीचा गुण k मध्ये वेगळा येतो आणि तापमानांचा फरक वेगळा.

```
q = S × k × (T1 − T2)
S = 2πL / arccosh(2z/D)
z > 1.5D :  S ≈ 2πL / ln(4z/D)
```

इथे q म्हणजे बाहेर जाणारी उष्णता, k मातीची उष्णतावाहकता, T1 पाइपचं तापमान, T2 जमिनीचं तापमान, L पाइपची लांबी, D बाहेरचा व्यास आणि z म्हणजे पृष्ठभागापासून पाइपच्या मध्यापर्यंतची खोली. चर खणणारे लोक खोली पाइपच्या माथ्यापर्यंत सांगतात, म्हणून त्यात अर्धा व्यास मिळवावा लागतो. S चं एकक मीटर येतं. कोणी S ला एकक नाही असं समजून हिशेब केला तर तो मीटरमागची उष्णता काढतोय की पूर्ण लाइनची, हे त्यालाच कळत नाही.

सूत्रात लॉगरिदम कुठून आला हे समजून घेतलं, तेव्हा पुढचे बरेच निर्णय सोपे झाले. जमिनीचा पृष्ठभाग सगळीकडे एकाच तापमानाचा आहे असं धरलं की गणितात तो आरशासारखा वागतो. पाइप जितका खाली, तितकाच वर हवेत एक काल्पनिक पाइप मांडायचा. खरा पाइप जेवढी उष्णता सोडतो, तेवढीच हा काल्पनिक पाइप ओढून घेतो. दोघांचा परिणाम बेरजेने धरला की पृष्ठभागावर तापमान आपोआप एकसारखं राहतं. लांब पाइपभोवतीचं तापमान अंतराच्या लॉगरिदमने उतरतं, म्हणून उत्तरात ln येतो. पाइपची त्रिज्या एका टोकाला, आरशातल्या पाइपचं अंतर, म्हणजे २z, दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हींच्या गुणोत्तराचा लॉगरिदम.

आमच्या लाइनचे आकडे असे. चार इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३ मिलिमीटर, मध्यापर्यंतची खोली ०.९ मीटर. 4z/D येतं ३१.५ आणि त्याचा ln ३.४५. अचूक arccosh वापरला तरी ३.४५ च येतो, म्हणजे इतक्या खोलीला सोपं सूत्र पुरेसं आहे. मग S = २ × ३.१४ × १४० ÷ ३.४५, साधारण २५५ मीटर.

हंगामात पाण्याचं तापमान ९० अंश सेल्सियस. मातीची उष्णतावाहकता k तूर्त १ वॅट प्रति मीटर प्रति अंश धरली आणि जमीन २५ अंश. q = २५५ × १ × ६५, म्हणजे जवळपास १६.६ किलोवॅट. मीटरमागे सुमारे ११८ वॅट.

आता खोली दुप्पट करून बघितली. z = १.८ मीटर घेतल्यावर 4z/D होतं ६३ आणि ln होतो ४.१४. उष्णता मीटरमागे ९९ वॅट. दुप्पट खोदाई करून बचत फक्त १७ टक्के! त्यातही आमच्याकडे पाच फुटांखाली मुरूम संपून काळा पाषाण लागतो, म्हणजे ब्रेकर लावून फोडणं आलं. बैठकीतल्या अर्ध्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं होतं. लॉगरिदम खोलीला फारशी किंमत देत नाही.

पण या सूत्रात दडलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पाइप ते पृष्ठभाग हा जो एकूण अडथळा आहे, त्याचा अर्धा भाग कुठे संपतो? ३१.५ चं वर्गमूळ ५.६. म्हणजे पाइपच्या त्रिज्येच्या ५.६ पट अंतरावर, मध्यापासून सुमारे ३२ सेंटीमीटरवर. पाइपच्या अंगापासून मोजलं तर जेमतेम एक वीत आणि चार बोटं. वरची बाकीची सगळी माती मिळून उरलेला अर्धा अडथळा देते. त्यामुळे पाइपला चिकटलेली माती कशी आहे, यावर निम्मं उत्तर ठरतं.

म्हणून खरा प्रश्न k चा. खोलीत दहा टक्के फरक पडला तर उत्तर तीन टक्क्यांनी हलतं, k मध्ये दहा टक्के फरक पडला तर उत्तर पूर्ण दहा टक्क्यांनी हलतं. आणि काळ्या मातीचा k एक नसतो. पावसाळ्यानंतर ती चिकण होऊन बसलेली असते तेव्हा उष्णता चांगली वाहते, उन्हाळ्यात भेगाळून कोरडी झाली की तिच्यात हवा भरते आणि k एक तृतीयांशावर येतो. कोष्टकात "चिकणमाती" असं लिहून पुढे एकच आकडा दिलेला असतो, तो कोणत्या ओलाव्याचा हे लिहिलेलं नसेल तर मी तो वापरत नाही.

आम्ही k जागेवरच मोजला. स्टीलची तीन मिलिमीटर जाडीची, साधारण बारा सेंटीमीटर लांबीची पोकळ सुई, तिच्यात तापतार आणि मध्यावर थर्मोकपल. सुई मातीत रोवायची, मीटरमागे १० वॅट या दराने तापवायची आणि तापमान टिपत राहायचं. सुरुवातीचे काही सेकंद सुईचंच वजन तापण्यात जातात, ते सोडून द्यायचे. नंतर तापमान वेळेच्या लॉगरिदमनुसार सरळ रेषेत चढतं. वेळ दहापट झाल्यावर, म्हणजे ३० सेकंदांपासून ३०० सेकंदांपर्यंत, तापमान जितकं वाढलं त्याने ०.१८३ × १० ला भागलं की k मिळतो. ती रेषा सरळ न येता वाकत गेली तर समजायचं, सुई आणि मातीमध्ये फट राहिली आहे. काळ्या मातीत ही अडचण हमखास येते, कारण सुई घुसताना ढेकळं सरकतात. सुई जराही न हलवता दाबत नेली आणि छिद्र तिच्यापेक्षा बारीक ठेवलं, तेव्हा रेषा सरळ आल्या.

यार्डाच्या कडेला, पाइपपासून दूर, दोन-अडीच फूट खोलीच्या ओलसर मातीत दहापट वेळेला १.५ अंश चढले, म्हणजे k साधारण १.२. मग पाइपच्या शेजारी हाताने एक खड्डा खणला. हे काम आमच्या फिटर मामांनी जीव लावून केलं, पाइपचं कोटिंग एका जागीही खरवडू दिलं नाही. आणि तिथे जे दिसलं त्याने हिशेबाची दिशाच ठरली. पाइपभोवती नऊ-दहा सेंटीमीटर जाडीचं कडं फिकट राखाडी, भुसभुशीत, हाताने चुरडलं तर भुगा होणारं. त्याच्या पलीकडे माती काळीशार, मुठीत वळली तर गोळा होणारी. मामा म्हणाले, "हितं तर भाजून काढलंय पाइपानं." कड्यात सुई रोवली तर दहापट वेळेला ४.६ अंश चढले. k फक्त ०.४.

हे का होतं ते मातीचं काम करणाऱ्यांना आणि जमिनीखाली वीज केबल टाकणाऱ्यांना चांगलं माहीत आहे. गरम पृष्ठभागाजवळ मातीतलं पाणी वाफेच्या रूपाने थंड बाजूला सरकतं. बाहेरची ओल केशाकर्षणाने परत आत येऊ पाहते, पण चिकण मातीत पाण्याचा परतीचा वेग फार कमी असतो. गरमपणा पुरेसा असेल तर पाणी बाहेर जाण्याचा वेग जिंकतो आणि कोरडं कडं तयार होतं. एकदा कोरडं झालं की k पडतो, कड्यातला तापमान-उतार आणखी तीव्र होतो आणि कडं टिकून राहतं. पाइपच्या बाबतीत हे आपल्या फायद्याचं आहे. केबलच्या बाबतीत याच कारणाने केबल जळते.

आता शेप फॅक्टर एकट्याने चालेना, कारण तो सगळीकडे एकच k गृहीत धरतो. पण अडथळ्यांची बेरीज करता येते. कोरडं कडं पाइपच्या अगदी जवळ असल्यामुळे तिथे समतापाच्या रेषा जवळजवळ पाइपभोवतीची वर्तुळंच असतात. म्हणून कड्यासाठी नळीचं साधं सूत्र आणि त्याच्या बाहेरच्या भागासाठी शेप फॅक्टर, मात्र D च्या जागी कड्याचा बाहेरचा व्यास, ३० सेंटीमीटर.

कड्याचा अडथळा: ln(१५० ÷ ५७.१५) ÷ (२π × ०.४) = ०.३८. बाहेरच्या मातीचा: ln(४ × ०.९ ÷ ०.३) ÷ (२π × १.२) = ०.३३. बेरीज ०.७१ मीटर-अंश प्रति वॅट. ६५ अंशांना याने भागलं की मीटरमागे ९१ वॅट, पूर्ण लाइनला साधारण १२.७ किलोवॅट. ओल्या मातीचा १.२ हाच k सगळीकडे धरला असता तर १४० वॅटच्या पुढे गेलो असतो. हाताच्या पंजाएवढ्या जाडीच्या कोरड्या मातीने एक तृतीयांश उष्णता अडवली होती.

T2 कोणतं घ्यायचं, हा प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. जानेवारीत आमच्याकडे पहाटे बारा-तेरा अंश आणि दुपारी तीस अंश. यातलं कोणतं? सूत्र म्हणतं पृष्ठभागाचं तापमान, पण पृष्ठभाग दिवसभर वरखाली होत असतो. दिवस-रात्रीची ही लाट जमिनीत फार खोल जात नाही. नेहमीच्या मातीत दर बारा सेंटीमीटरला ती जवळपास एक तृतीयांशावर येते, त्यामुळे ०.९ मीटरवर तिचा मागमूस राहत नाही. वर्षाची लाट मात्र दोन मीटरपेक्षा खोल पोचते. म्हणून पाइप नसता तर त्या खोलीला माती ज्या तापमानाची असती, ते T2 म्हणून घ्यायचं. उष्णतावहनाचं समीकरण रेषीय असल्यामुळे हे चालतं: ऋतूमुळे आलेलं तापमान आणि पाइपमुळे चढलेलं तापमान वेगवेगळं काढून बेरीज करता येते. पाइपपासून दहा-बारा मीटर दूर ऑगरने छिद्र पाडून ०.९ मीटरवर सेन्सर ठेवला आणि छिद्र परत मातीने दाबून भरलं. छिद्र उघडं ठेवलं तर रात्रीची थंड हवा आत उतरते आणि वाचन खोटं येतं. जानेवारीत २५ अंश मिळाले, दिवसरात्र जवळपास स्थिर.

पृष्ठभागावरून हवेत जाताना जो थोडा अडथळा असतो, त्यासाठी पाइप k/h एवढा जास्त खोल आहे असं धरायची पद्धत आहे. h म्हणजे पृष्ठभाग हवेला किती सहज उष्णता देतो, त्याचा गुणांक. h १५ धरला तर ही जादा खोली सात-आठ सेंटीमीटर येते आणि उत्तर दोन टक्क्यांनी हलतं. ते मी सोडून दिलं.

हिशेब झाला, आता तो खरा आहे का हे पाण्यालाच विचारायचं होतं. लाइनच्या दोन्ही टोकांचं तापमान मोजायचं आणि प्रवाहाने गुणायचं. पण रोजच्या प्रवाहाला, ताशी १२ टनांना, पाण्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता अंशामागे १४ किलोवॅट असते. १२.७ किलोवॅट गेले तर तापमान उतरणार ०.९ अंश. पॅनेलवरचे गेज एक अंश इकडेतिकडे दाखवतात, म्हणून "पाणी गरमच येतंय" हे ठेकेदाराचं म्हणणं गेजवर बघून खोडता येण्यासारखं नव्हतंच.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूने आहे. उष्णता किती जाईल हे जमीन ठरवते, प्रवाह नाही. पाणी आणि पाइपची भिंत यांच्यामधला अडथळा मातीच्या तुलनेत एक टक्क्याच्या आसपास असतो. त्यामुळे प्रवाह चौथ्या हिश्शावर आणला तरी पाइप तेवढाच गरम राहतो, उष्णता जवळपास तेवढीच जाते आणि तापमानातला फरक मात्र चौपट होतो. डिस्टिलरीचं काम कमी असलेल्या पाळीत आम्ही प्रवाह ताशी ३ टनांवर ठेवला. त्या वेगाला पाण्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायला तेवीस-चोवीस मिनिटं लागतात, म्हणून दोन तास स्थिरावू दिल्याशिवाय वाचन धरलं नाही. दोन्ही पीटी-१०० सेन्सर आधी एकाच गरम पाण्याच्या भांड्यात बुडवून त्यांच्यातला फरक नोंदला होता. शिवाय अर्धी वाचनं झाल्यावर त्यांची अदलाबदल केली, म्हणजे सेन्सरचा दोष सरासरीत निघून जातो.

फरक मिळाला ४.० अंश. पण यात दोन्ही टोकांना जमिनीबाहेर निघालेला पाइपही आला, एकूण साधारण सहा मीटर उघडा. हवेतला उघडा पाइप ९० अंशांना मीटरमागे सुमारे २५० वॅट सोडतो, पुरलेल्या पाइपच्या अडीच-पावणेतीनपट. सहा मीटरचे दीड किलोवॅट, म्हणजे ०.४ अंश. तो वजा केला की जमिनीतल्या भागासाठी ३.६ अंश उरतात. हिशेबाने, पाणी पुढे जाताना थंड होत जातं हे धरून, ३.५ ते ३.६ येत होता. इतका जवळचा मेळ बघून मला मनापासून आनंद झाला, पण ०.२ अंशांची चूक मोजण्यातच असू शकते, म्हणजे पाच-सहा टक्के इकडेतिकडे. त्याहून बारीक दावा मी कधी केला नाही.

हेच मोजमाप हंगामाच्या पहिल्या आठवड्यात केलं असतं तर सगळंच वेगळं दिसलं असतं, आणि याच ठिकाणी शेप फॅक्टरची मर्यादा सर्वांत स्पष्ट कळते. तो स्थिर अवस्थेचा आहे. गाळप सुरू होतं तेव्हा पाइपभोवतीची सगळी माती थंड असते, आधी तिलाच तापवावं लागतं. माती स्थिरावायला लागणारा काळ खोलीच्या वर्गाला मातीच्या उष्णता-विसरणाच्या गुणांकाने भागून कळतो. ०.९ मीटरसाठी साधारण एकोणीस दिवस. एकसारखा k १ धरून काढलं तर पहिल्या दिवसाच्या शेवटी मीटरमागे २४० वॅटच्या आसपास जात असतात, स्थिर अवस्थेच्या दुप्पट. दहाव्या दिवशी १४३. नंतर हळूहळू ११८ कडे. शिवाय नोव्हेंबरात माती ओली असते आणि कडं अजून तयार झालेलं नसतं, त्यामुळे प्रत्यक्षात हा आकडा आणखी वर असतो.

साखर कारखान्याची लाइन चार महिने अखंड गरम असते, म्हणून इथे शेप फॅक्टर शोभतो. वसतिगृहात पहाटे दोन तास गरम पाणी सोडणाऱ्या पुरलेल्या लाइनला तोच लावून "दोन तासांत इतकी उष्णता गेली" असं कोणी काढलं, तर उत्तर निम्म्याहून कमी येईल. त्या दोन तासांत पृष्ठभागाला काही कळतच नाही, सगळी उष्णता पाइपलगतच्या मातीत शिरते. तिथे सूत्र वापरायचंच असेल तर पाइपच्या दिवसभराच्या सरासरी तापमानावर दिवसभराची सरासरी उष्णता काढायची, तेवढंच खरं.

फेब्रुवारीत एकदा अवकाळी पाऊस आला. दोन दिवस यार्डात चिखल. नंतर कमी प्रवाहाला मोजलं तर जमिनीतल्या भागाचा फरक पाच अंशांच्या पुढे गेला होता. फिटर मामांना वाटलं लाइन फुटली. गळतीची शंका घेणं बरोबरच होतं, म्हणून आधी दोन्ही टोकांचे प्रवाहमापक जुळवून पाहिले. ते जुळत होते. मग हिशेबाची वरची मर्यादा बघितली: माती पूर्ण भिजून k १.५ झाला तरी मीटरमागे १७८ वॅट, फरक साडेसहा अंशांच्या जवळ. आमचं वाचन त्याच्या आत होतं, म्हणजे ओल्या मातीने समजावता येण्यासारखं. फरक या मर्यादेच्याही वर गेला असता तर मी दोनच गोष्टी धरल्या असत्या, गळती किंवा चरातून वाहणारं पाणी. चर मुरमात खणलेला असला की तो पाटासारखा वागतो, यार्डाचं पाणी त्यात उतरून पाइपच्या कडेने वाहतं आणि उष्णता सोबत घेऊन जातं. वाहत्या पाण्याला शेप फॅक्टर लागू होत नाही, कोणताही k घालून ते बसवू नये. आमच्या लाइनचा फरक पुढच्या दोन-तीन आठवड्यांत परत उतरत गेला, कडं पुन्हा कोरडं होत होतं.

आता आवरणाचा हिशेब. कारखान्यातून पीयूएफ, म्हणजे उष्णतारोधक पॉलियुरेथेन फोम, भरून आणि वरून एचडीपीई नळी घालूनच येणारा पाइप घ्यायचा, ११४.३ मिलिमीटरच्या पाइपवर बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर. ग्लासवूल गुंडाळून पुरण्याचा पर्याय मी पहिल्यांदाच बाजूला काढला. काळ्या मातीत ते एका पावसाळ्यात भिजतं आणि भिजलेलं ग्लासवूल काही अडवत नाही. पीयूएफचा k ०.०२७ धरला तर आवरणाचा अडथळा ln(२०० ÷ ११४.३) ÷ (२π × ०.०२७) = ३.३०. मातीचा अडथळा, आता D = ०.२ मीटर आणि k = १ घेऊन, ०.४६. एकूण ३.७६ आणि उष्णता मीटरमागे १७ वॅट.

या उत्तरात मला सर्वांत जास्त पटलेली गोष्ट वेगळीच होती. मातीचा k ०.५ असो वा १.५, आवरण असलेल्या पाइपची उष्णता १५ ते १८ वॅटच्या मध्येच राहते. ज्या मातीमागे मी सुई घेऊन हंगामभर फिरलो, तिचं आवरणापुढे काही चालत नाही. शिवाय आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग ३३ अंशांच्या आसपास राहतो, म्हणजे कोरडं कडं तयार होणार नाही, आणि त्याची गरजही नाही. अवकाळी पाऊस झाला तरी आकडा हलणार नाही.

बैठकीत मांडायला मी आवरणाची तुलना मोजलेल्या ९१ वॅटशी केली, ओल्या मातीच्या १४० शी नाही, कारण बचत फुगवून सांगितली तर पुढच्या वर्षी कोणीही मोजून दाखवू शकतं. ९१ वजा १७, गुणिले १४० मीटर, म्हणजे साधारण १०.४ किलोवॅट. १२० दिवसांचा हंगाम, बॉयलरची कार्यक्षमता ७० टक्के आणि ओल्या बगॅसची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची, निव्वळ उष्णता किलोमागे ७५०० किलोज्यूल धरली तर हंगामाला वीस टन बगॅस. सोबत सहा फूट खोलीचाही आकडा ठेवला, तिथे एकच k धरून सतरा टक्के, आणि कोरडं कडं हिशेबात घेतलं तर त्याहूनही कमी, अकरा-बारा टक्के, कारण खोली फक्त कड्याबाहेरच्या मातीचा अडथळा वाढवते.

ठेकेदाराने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मंग खोली हाय तेवढीच ठेवायची?" खोली मी उलट कमी करायला सांगितली होती. आवरण असताना उष्णतेसाठी ०.९ मीटर लागत नाही, ट्रॉल्यांचं वजन काँक्रिटखाली पेलण्यापुरती खोली ठेवायची. चराच्या तळाला उतार देऊन एका टोकाला पाणी काढून द्यायची सोय आणि पाइपभोवती ढेकळांऐवजी चाळलेली वाळू, या दोन अटी टेंडरमध्ये घातल्या. तिसरी अट दोन्ही टोकांच्या त्या सहा मीटर उघड्या पाइपची होती. पुरलेल्या १४० मीटरला आवरण लावल्यावर तिथून अडीच किलोवॅट जाणार आणि हे सहा मीटर उघडेच राहिले तर तेवढ्यातूनच दीड किलोवॅट, म्हणून तिथेही पत्र्याच्या आच्छादनासह आवरण लिहून घेतलं.